‘एखाद्याहून अधिक’ आणि ‘सर्वांहून अधिक’ : एस्क्यूएल भाषेतील दोन संख्यापकांचा इतिहास

एका इयत्तेच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन तुकड्या आहेत. ‘ब’ तुकडीतील प्रत्येक विद्यार्थ्याहून अधिक गुण ‘अ’ तुकडीतील कोणाकोणाला मिळाले, एवढाच प्रश्न आहे. परीक्षा विभागातील जुना कारकून हा प्रश्न क्षणात सोडवील. ‘ब’ तुकडीच्या पत्रकावरून नजर फिरवून तो सर्वांत मोठा आकडा काढील आणि ‘अ’ तुकडीच्या पत्रकात त्याहून मोठे आकडे शोधील. ‘ब’ तुकडीचे पत्रकच रिकामे असेल तर काय करावे, असा विचार त्याच्या मनात येणार नाही. पत्रक रिकामे दिसताच तो चौकशीला उठेल. संगणकाला उठता येत नाही. रिकाम्या पत्रकाचेही उत्तर त्याला द्यावेच लागते, आणि ते उत्तर कोणते असावे याचा निर्णय कोणीतरी कधीतरी आधीच करून ठेवलेला असतो. एस्क्यूएल या पृच्छाभाषेत हा निर्णय ALL आणि ANY या दोन साध्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या पोटात दडलेला आहे. ते शब्द भाषेत कोठून आले आणि येताना सोबत काय घेऊन आले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी एक लहान कोष्टक गृहीत धरू. ‘अ’ तुकडीत पाच विद्यार्थी असून क्रमांक ११ ते १४ यांना अनुक्रमे ४५, ५५, ७० व ७५ गुण आहेत. क्रमांक १५ परीक्षेस गैरहजर असल्यामुळे त्याच्या गुणांची जागा रिकामी, म्हणजे एस्क्यूएलच्या परिभाषेत NULL आहे. ‘ब’ तुकडीत तीन विद्यार्थी असून त्यांचे गुण ४८, ६१ व ७२ आहेत. वरील प्रश्न एस्क्यूएलमध्ये पुढीलप्रमाणे मांडता येतो.

```sql
SELECT roll, marks
FROM result
WHERE section = 'A'
  AND marks > ALL (SELECT marks FROM result
                   WHERE section = 'B');
```

कंसातील भाग म्हणजे उपपृच्छा. ती प्रथम ‘ब’ तुकडीचे गुण हाती देते. बाहेरची पृच्छा ‘अ’ तुकडीतील एकेका विद्यार्थ्याचे गुण त्या सर्व गुणांशी ताडून पाहते. उत्तर एकच येते : क्रमांक १४, गुण ७५. ALL च्या जागी ANY लिहिले तर ५५, ७० आणि ७५ गुणांचे तीन विद्यार्थी निवडले जातात, कारण आता निदान एकाला मागे टाकले तरी पुरते आणि ४८ ला मागे टाकणे सोपे आहे. येथवर सारे सरळ आहे.

या दोन शब्दांची वंशावळ संगणकाहून जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत असताना संबंधात्मक प्रतिमान मांडले. माहितीचा साठा कोष्टकांच्या रूपाने पाहावा आणि त्याला विचारायचे प्रश्न विधेय तर्कशास्त्राच्या भाषेत मांडावेत, हा त्यांचा आग्रह होता. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी संबंधात्मक कलन पूर्णपणे मांडून दाखविले. त्यात ‘असा निदान एक आहे की’ आणि ‘अशा प्रत्येकासाठी’ या अर्थाची दोन चिन्हे येतात. तर्कशास्त्रात त्यांना संख्यापक म्हणतात, आणि त्यांचा पाया गॉटलोब फ्रेग यांनी १८७९ मध्ये घातला होता. गणिताची सवय असलेल्या वाचकाला कॉड यांची मांडणी देखणी वाटे. परंतु हिशेबनीसाने किंवा भांडारप्रमुखाने उलटे ‘ए’ आणि उलटे ‘ई’ यांची अक्षरे गिरवावीत, ही अपेक्षा व्यवहारात टिकणारी नव्हती.

त्याच संस्थेतील डॉनल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघा तरुण संशोधकांनी ही अडचण ओळखली. १९७४ मध्ये ॲन आर्बर येथील परिषदेत त्यांनी ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली. ‘संरचित इंग्रजी पृच्छाभाषा’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाचे ते संक्षिप्त रूप होते. ओळखीच्या इंग्रजी शब्दांच्या ठराविक साच्यांत प्रश्न बसवावा, बद्ध चले आणि संख्यापक यांचे ओझे वापरणाऱ्यावर टाकू नये, हा त्यांचा हेतू होता. बॉइस यांचे त्याच वर्षी अकाली निधन झाले. पुढे नावाच्या हक्काच्या अडचणीमुळे ‘सीक्वेल’चे ‘एस्क्यूएल’ झाले आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तिला प्रमाणभाषेचा दर्जा दिला. त्या प्रमाणग्रंथात तुलनाचिन्हापुढे ALL, ANY किंवा SOME हा शब्द आणि त्यापुढे उपपृच्छा, असा साचा नमूद आहे. ज्या भाषेचा उगम संख्यापक टाळण्याच्या इच्छेतून झाला, तिच्या व्याकरणात या शब्दांच्या वर्गाला ‘संख्यापक’ असेच नाव द्यावे लागले. चिन्हे गेली, पण त्यांचा अर्थ इंग्रजी पोशाखात परत आला. मात्र पोशाख बदलल्याने दोन गोष्टी झाकल्या गेल्या : एक शब्दाच्या अर्थाची, दुसरी रिकाम्या संचाची.

शब्दाची गोष्ट प्रथम घेऊ. प्रमाणग्रंथात ANY आणि SOME हे पूर्णतः समानार्थी आहेत. दोहोंचा अर्थ ‘निदान एक’. इंग्रजी बोलणाऱ्याच्या कानाला मात्र ते समानार्थी नाहीत. ‘ब’ तुकडीतील ‘एनी’ विद्यार्थ्यापेक्षा अधिक गुण, असे इंग्रजीत म्हटले तर ऐकणारा ‘सर्वांपेक्षा अधिक’ असेच समजतो. बर्ट्रंड रसेल यांनी १९०३ च्या आपल्या गणिततत्त्वांवरील ग्रंथात ‘ऑल’, ‘एव्हरी’, ‘एनी’, ‘सम’ इत्यादी शब्दांची छटा-छटांनी फोड करण्यासाठी एक प्रकरणच खर्ची घातले. १९६२ मध्ये झीनो वेंडलर यांनी ‘माइंड’ या नियतकालिकातील लेखात असे दाखविले की ‘एनी’ हा शब्द ऐकणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य देतो : तुम्ही हवा तो निवडा, माझे म्हणणे खरे ठरेल. निवड समोरच्याच्या हाती दिली की विधान सर्वांविषयीच होऊन बसते. म्हणजे प्रमाणग्रंथाने ज्या शब्दावर ‘निदान एक’ हा अर्थ लादला, तो शब्द तुलनेच्या वाक्यात नेमका उलट अर्थाकडे झुकणारा होता, आणि ही गोष्ट तत्त्वज्ञांना सीक्वेलच्या जन्माआधी एक तपभर ठाऊक होती. भाषा घडविणाऱ्यांनी तत्त्वज्ञांचे लेख वाचावेत अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि दोन दालनांमधील भिंत किती जाड होती हे यावरून दिसते.

मराठी अभ्यासकाला येथे एक अनपेक्षित सोय उपलब्ध आहे. इंग्रजीत एकाच शब्दात मिसळलेले दोन अर्थ मराठीने ‘ही’ आणि ‘तरी’ या दोन अव्ययांत वेगळे ठेवले आहेत. ‘ब तुकडीतील कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा अधिक’ म्हणजे सर्वांपेक्षा अधिक. ‘कोणत्यातरी विद्यार्थ्यापेक्षा अधिक’ म्हणजे निदान एकापेक्षा अधिक. मराठी वाक्यात संदिग्धता नाही. ती उत्पन्न होते भाषांतराच्या वेळी : शब्दकोशात ‘एनी’पुढे पहिला अर्थ ‘कोणताही’ असतो, विद्यार्थी तो पाठ करतो, आणि मनातील ‘कोणत्याही… पेक्षा’ या बिनचूक मराठी वाक्याचे रूपांतर `> ANY` असे करतो. एकाऐवजी तीन विद्यार्थी निवडले जातात. संगणक दोष दाखवीत नाही, कारण वाक्य व्याकरणशुद्ध आहे. ANY हा शब्द ‘कोणतातरी’ असाच शिकवला गेला पाहिजे. ‘कोणताही’ हा ALL चा अर्थ आहे.

नकारात हा घोटाळा आणखी खोल जातो. ‘ब’ तुकडीत कोणालाही मिळाले नाहीत असे गुण ‘अ’ तुकडीत कोणाचे आहेत, या प्रश्नासाठी `<> ANY` लिहिण्याचा मोह होतो. परंतु त्याचा अर्थ ‘निदान एकापेक्षा वेगळे’ असा होतो. ‘ब’ तुकडीत दोन वेगवेगळे आकडे असले की ही अट गुण नोंदलेला प्रत्येक विद्यार्थी पूर्ण करतो. ‘अ’ तुकडीत एखाद्याला ७२ गुण असते तर तोही निवडला गेला असता. ७२ हे ७२ हून वेगळे नाहीत, पण ४८ हून आहेत. येथे हवे असते ते `<> ALL`, म्हणजेच NOT IN. SOME हा पर्यायी शब्द अशा वेळी उपयोगी पडतो, कारण `<> SOME` असे वाचताच चूक कानाला खटकते. असे असूनही तो फारसा वापरला जात नाही. संबंधात्मक प्रतिमानाचे प्रमुख भाष्यकार क्रिस डेट यांनी या साऱ्या रचनाच चुकांना निमंत्रण देणाऱ्या आहेत असे म्हणून त्या टाळण्याचा सल्ला दिला. त्यांचे निदान योग्य आहे. उपचाराविषयी मात्र पुढे पाहावे लागेल.

दुसरी गोष्ट रिकाम्या संचाची. समजा, ‘ब’ तुकडीचे गुण अद्याप भरलेच गेले नाहीत. किंवा पृच्छेत चुकून 'B' ऐवजी नसलेल्याच तुकडीचे नाव पडले. उपपृच्छा एकही ओळ परत देत नाही. या स्थितीत `> ALL` ची अट ‘अ’ तुकडीतील प्रत्येक विद्यार्थी पूर्ण करतो. ४५ गुणांचा क्रमांक ११ तर निवडला जातोच, पण गैरहजर असलेला क्रमांक १५ देखील निवडला जातो. ज्याला गुणच नाहीत तो सर्वांहून वरचढ ठरतो! याच यादीवरून पारितोषिके द्यावयाची असतील तर परिणाम काय होईल हे सांगणे नलगे. उलट `> ANY` अशा वेळी कोणालाच निवडीत नाही.

हा यंत्राचा बिघाड नव्हे. त्यामागे तर्कशास्त्रातील एका जुन्या वादाचा निकाल आहे. अरिस्टॉटलच्या परंपरेत ‘सर्व क्ष हे य आहेत’ या विधानातून ‘काही क्ष य आहेत’ हे विधान निष्पन्न होत असे. म्हणजे ‘सर्व’ म्हणताना क्ष अस्तित्वात आहेत हे गृहीत होते. एकोणिसाव्या शतकात तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप येऊ लागले तेव्हा हे गृहीत अडचणीचे ठरले. फ्रेग यांच्या मांडणीत ‘सर्व क्ष य आहेत’ याचा अर्थ ‘एखादी वस्तू क्ष असेल तर ती य आहे’ एवढाच उरतो. क्ष मुळीच नसतील तर या विधानाला खोटे पाडणारा साक्षीदार सापडत नाही, आणि साक्षीदाराच्या अभावी विधान सत्य धरले जाते. कॉड यांनी हेच तर्कशास्त्र उचलले आणि एस्क्यूएलने ते ALL या शब्दात जसेच्या तसे ठेवले. परीक्षा विभागातील कारकून मात्र नकळत अरिस्टॉटलच्या बाजूचा असतो. ‘सर्वांहून अधिक’ म्हणताना कोणीतरी आहे, असे तो धरून चालतो.

गुण नोंदलेले नसण्याचा प्रकार याहून निराळा. ‘ब’ तुकडीत गैरहजर असा चौथा विद्यार्थी, क्रमांक २४, दाखल केला आणि त्याच्या गुणांच्या जागी NULL ठेवले, तर मूळ पृच्छेचे उत्तर काय येईल? एकही ओळ येत नाही. ७५ गुणांचा क्रमांक १४ देखील बाद होतो. कॉड यांनी १९७९ च्या निबंधात अज्ञात मूल्यांसाठी त्रिमूल्य तर्काचा, म्हणजे सत्य, असत्य आणि अनिश्चित अशा तीन मूल्यांचा पुरस्कार केला होता, आणि एस्क्यूएलचा व्यवहार त्याच धर्तीवर चालतो. ALL म्हणजे ‘आणि’ने जोडलेली तुलनांची साखळी आहे. ७५ हे ४८, ६१ व ७२ हून अधिक आहेत, पण अज्ञात गुणांहून अधिक आहेत की नाहीत हे अनिश्चित. म्हणून सारी साखळी अनिश्चित ठरते, आणि WHERE केवळ सत्य ठरलेल्या ओळीच पुढे जाऊ देते. ANY ही ‘किंवा’ने जोडलेली साखळी असल्यामुळे तिला एक सत्य दुवा पुरतो, तिचे तीन विद्यार्थ्यांचे उत्तर अबाधित राहते. एका गैरहजर मुलाने संपूर्ण ‘अ’ तुकडीचे उत्तर पुसून टाकावे हे विचित्र दिसते, तरी ते प्रामाणिक आहे : त्याचे गुण खरोखर अज्ञात असतील तर ‘सर्वांहून अधिक’ असे कोणाविषयीही छातीठोकपणे म्हणता येत नाही. अडचण एवढीच, की गैरहजरी आणि अज्ञान या दोन भिन्न गोष्टी NULL या एकाच खुणेने दाखविल्या जातात.

टाळण्याच्या सल्ल्याचा विचार आता करता येतो. सर्वांत प्रचलित पर्याय म्हणजे कारकुनाचीच रीत : सर्वोच्च गुण काढणे आणि त्याच्याशी तुलना करणे.

```sql
marks > (SELECT MAX(marks) FROM result
         WHERE section = 'B')
```

दुसरा पर्याय निषेधाचा : ‘ब’ तुकडीत आपल्याइतके किंवा आपल्याहून अधिक गुण असलेला कोणी नाही, असे म्हणणे. बाहेरच्या पृच्छेत कोष्टकाला a असे नाव दिलेले आहे असे समजावे.

```sql
NOT EXISTS (SELECT * FROM result b
            WHERE b.section = 'B'
              AND b.marks >= a.marks)
```

सर्व गुण भरलेले असतील आणि ‘ब’ तुकडी रिकामी नसेल, तर तिन्ही मांडण्या एकच उत्तर देतात. म्हणून पाठ्यपुस्तकांत त्या समानार्थी म्हणून शेजारी-शेजारी छापल्या जातात. परंतु त्या समानार्थी नाहीत. MAX रिकाम्या जागा वगळते, म्हणून क्रमांक २४ च्या गैरहजेरीनेही तिच्या उत्तरात फरक पडत नाही. क्रमांक १४ निवडला जातो. ‘ब’ तुकडी रिकामी असेल तर MAX चे मूल्यच NULL होते आणि कोणीही निवडला जात नाही, म्हणजे ALL च्या बरोबर उलट. NOT EXISTS ची तऱ्हा तिसरीच. आतील तुलना अनिश्चित ठरली की ती ओळ गळते, म्हणून क्रमांक २४ मुळे बाध येत नाही. पण त्याच कारणाने ‘अ’ तुकडीतील गैरहजर क्रमांक १५ च्या विरुद्धही साक्षीदार मिळत नाही, आणि ‘ब’ तुकडी भरलेली असतानाही तो विजेत्यांच्या यादीत जाऊन बसतो. तिथे `a.marks IS NOT NULL` अशी अट स्वतंत्रपणे घालावी लागते. एक मराठी वाक्य, तीन मांडण्या आणि तीन प्रकारची वर्तने, अशी ही स्थिती आहे. ALL टाळल्याने प्रश्न टळत नाही. तो दुसरीकडे सरकतो.

रिकाम्या संचाने केवळ विद्यार्थ्यांनाच चकविले असे नाही. १९८२ मध्ये वॉन किम यांनी उपपृच्छा असलेल्या पृच्छांचे सरळ, जोडणीच्या रूपातील पृच्छांत रूपांतर करण्याची रीत प्रसिद्ध केली. बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी उपपृच्छा पुन्हापुन्हा चालविण्याचा खर्च तिने वाचणार होता, म्हणून ती महत्त्वाची ठरली. व्हेर्नर कीसलिंग यांनी लवकरच तिच्यातील दोष दाखविला. ज्या यंत्रभागाचा साठा शून्य आहे आणि ज्याच्या पुरवठ्याची एकही नोंद नाही, तो भाग ‘साठा हा नोंदींच्या संख्येइतका आहे का’ या प्रश्नाच्या उत्तरात यावयास हवा. किम यांच्या रूपांतरात तो नाहीसा होई, कारण ज्या भागाची नोंद नाही त्याचा गटच बनत नसे आणि म्हणून शून्य ही मोजणीही होत नसे. हा दोष पुढे ‘काउंट बग’ या नावाने प्रसिद्ध झाला. १९८७ मध्ये गान्स्की आणि वाँग यांनी, जुळणी न झालेल्या ओळीही राखून ठेवणाऱ्या बाह्य जोडणीचा आधार घेऊन तो दुरुस्त केला. रिकाम्या संचाचे उत्तर काय असावे हे ठाऊक नसल्यामुळे झालेली ही चूक नव्हती. उत्तर ठाऊक होते; रूपांतराच्या ओघात रिकामा संच नजरेआड झाला. ALL ऐवजी सहज MAX लिहिणारा विद्यार्थी नेमके हेच रूपांतर हाताने करीत असतो.

सर्वच प्रणालींनी हे शब्द स्वीकारले असेही नाही. २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे असंख्य भ्रमणध्वनींत जाऊन बसलेल्या एस्क्यूलाइटमध्ये उपपृच्छेपुढे ALL किंवा ANY लिहिण्याची सोय नाही. तेथे MAX किंवा EXISTS यांचाच आश्रय घ्यावा लागतो. एका प्रणालीवर ALL वापरून लिहिलेली पृच्छा तेथे नेताना वरील फरक हटकून आडवे येतात, आणि ‘ब’ तुकडीचे पत्रक भरलेले असेपर्यंत ते दिसत नाहीत.

कारकून चौकशीला उठतो ते काम संगणकावर बसलेल्या माणसाला स्वतःच करावे लागते. मूळ पृच्छा चालविण्यापूर्वी उपपृच्छेच्या संचाची पुढीलप्रमाणे मोजणी करावी.

```sql
SELECT COUNT(*), COUNT(marks)
FROM result WHERE section = 'B';
```

पहिली संख्या ओळींची, दुसरी प्रत्यक्ष नोंदलेल्या गुणांची. पहिली शून्य आली तर ALL सर्वांना आत घेईल आणि MAX सर्वांना बाहेर ठेवील. दोन संख्या असमान आल्या, म्हणजे आपल्या उदाहरणात ४ आणि ३, तर ALL चे उत्तर रिकामे येईल आणि MAX चे येणार नाही. गैरहजर विद्यार्थ्याला तुलनेतून वगळायचे की त्याचा निकाल लागेपर्यंत यादी रोखून धरायची, हे एस्क्यूएल सांगू शकत नाही. पारितोषिकाच्या नियमात ते लिहिलेले असावे लागते. वगळायचे ठरले तर ALL च्या उपपृच्छेत `marks IS NOT NULL` ही अट घातली की क्रमांक १४ पुन्हा यादीत येतो. मात्र ‘ब’ तुकडीतील सर्वच विद्यार्थी गैरहजर असतील, तर त्याच अटीने संच रिकामा होतो आणि क्रमांक १५ सह सारी ‘अ’ तुकडी पुन्हा विजयी ठरते.